चार पत्रिका

भारताची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. तिच्या तिसऱ्या भागात मूलभूत हक्क सांगितलेले आहेत. मूलभूत कर्तव्ये मात्र त्या वेळी घटनेत लिहिलेली नव्हती. १९७६ साली झालेल्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ‘५१ क’ हे नवे कलम घटनेत आले आणि त्यात दहा कर्तव्यांची यादी देण्यात आली. पुढे २००२ साली आणखी एका कर्तव्याची भर पडली. आज ती कर्तव्ये अकरा आहेत.

‘हक्क’ आणि ‘कर्तव्य’ हे दोन शब्द नेहमी जोडीने उच्चारले जातात. त्यामुळे पुष्कळांची अशी समजूत होते की, कर्तव्य हे हक्काचे मोल आहे. ज्याने कर्तव्य केले नाही, त्याचा हक्क गेला. ही समजूत खरी आहे काय? जिल्हा परिषदेच्या एका शाळेत आठवीच्या मुलांनी या प्रश्नाचा उलगडा कसा केला, ते पाहण्यासारखे आहे.

नागरिकशास्त्राच्या तासाला गुरुजी वर्गात आले, तेव्हा त्यांच्या हाती पोस्टकार्डाएवढे चार पुठ्ठे होते. प्रत्येक पुठ्ठ्यावर चार-पाच ओळींत एक प्रसंग लिहिलेला होता. पाठीमागे तोच प्रसंग, परंतु त्यातील एकच गोष्ट बदललेली. पत्रिकेत कोणाचेही नाव नव्हते. वर्गातील कोणा मुलाकडे बोट जाऊ नये आणि विचार माणसाचा न होता प्रसंगाचा व्हावा, म्हणून गुरुजींनी नावे मुद्दाम गाळली होती.

गुरुजींनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले :

१. नेमके काय घडले?
२. ते कोणी केले? शासनाने की खाजगी माणसाने?
३. कोणाच्या हक्कावर मर्यादा घातली गेली असेल, तर ती कोणत्या कायद्याने?

“मुलांनो,” गुरुजी म्हणाले, “आपली घाई अशी असते की, पत्रिका वाचून होण्यापूर्वीच आपण निकाल देतो. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज कोणीही निकाल द्यायचा नाही.”

पहिली पत्रिका

सुमनने पहिली पत्रिका वाचली :

‘एक मुलगा तापामुळे आठ दिवस शाळेत आला नाही. परत आल्यावर त्याने शेजारच्या मुलाकडे गणिताची वही मागितली. त्याने दिली नाही. तीच वही त्याने दुसऱ्या मित्रास मात्र दिली.’

“हा समतेच्या हक्काचा भंग आहे!” लक्ष्मण उठून म्हणाला. “एकाला वही दिली आणि दुसऱ्याला नाही. घटनेत तर सर्व समान आहेत.”

“दुसरा प्रश्न वाच पाहू,” गुरुजी म्हणाले.

लक्ष्मणने फळ्याकडे पाहिले. वही न देणारा शेजारचा एक मुलगा होता. तो म्हणजे शासन नव्हे.

गुरुजींनी समजावून सांगितले, “मूलभूत हक्क ही मुख्यतः शासनाच्या सत्तेपुढे धरलेली ढाल आहे. शासनाच्या हाती पोलीस आहेत, तुरुंग आहेत, कर आहेत, शाळा आहेत. त्या सत्तेने सामान्य माणसावर अन्याय करू नये, म्हणून घटनेने तिला बांधून ठेवले आहे. शासन म्हणजे केवळ दिल्लीचे किंवा मुंबईचे सरकार नव्हे. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांचाही त्यात समावेश होतो. शेजारच्या मुलाने वही दिली नाही, यात त्याचा कोतेपणा दिसेल. पण त्यासाठी घटनेचे कलम शोधू नये. तिथे मैत्रीचा प्रश्न आहे, न्यायालयाचा नाही.”

मग सुमनने पत्रिका उलटली. मागे लिहिले होते : ‘जिल्हा परिषदेच्या शाळेत मोफत पुस्तके वाटली गेली. एका मुलीला मात्र, “तुझा जन्म दुसऱ्या राज्यातला,” असे सांगून पुस्तके दिली नाहीत.’

आता उत्तर वेगळे आले. पुस्तके वाटणारी शाळा जिल्हा परिषदेची, म्हणजे शासनाची. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून शासनाने कोणाही नागरिकाच्या बाबतीत भेदभाव करू नये, असे घटनेचे पंधरावे कलम सांगते. त्या मुलीची तक्रार प्रथम मुख्याध्यापकांकडे, मग शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्यांकडे नेता येईल आणि कोणीच ऐकले नाही, तर उच्च न्यायालयाचे दारही तिला मोकळे आहे. न दिलेली वस्तू दोन्ही बाजूंना पुस्तक किंवा वहीच होती. परंतु देणारा बदलताच प्रश्नाचे स्वरूप बदलले.

दुसरी पत्रिका

दुसरी पत्रिका शबानाने वाचली :

‘शाळेची सहल एका उपाहारगृहात थांबली. मालकाने सर्वांना पेल्यांतून पाणी दिले. एका मुलाची जात विचारून, त्याला मात्र त्याने वरून ओंजळीत पाणी ओतले.’

वर्ग स्तब्ध झाला. थोड्या वेळाने यशवंत अडखळत म्हणाला, “गुरुजी, हे वाईटच झाले. पण उपाहारगृहाचा मालक खाजगी माणूस आहे. मग मूलभूत हक्काचा भंग झाला, असे म्हणता येणार नाही ना?”

“पहिल्या पत्रिकेचा धडा तू बरोबर लक्षात ठेवलास,” गुरुजी म्हणाले, “परंतु मी ‘मुख्यतः’ असा शब्द वापरला होता. काही हक्क असे आहेत की, ते शासनाप्रमाणे प्रत्येक माणसालाही बांधतात.”

त्यांनी फळ्यावर ‘१७’ हा आकडा लिहिला. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण हा कायद्याने शिक्षापात्र गुन्हा ठरविला आहे. आचरण करणारा सरकारी अधिकारी असो, दुकानदार असो की शेजारी असो, कलम सर्वांना सारखेच लागू आहे. त्यासाठी १९५५ साली स्वतंत्र कायदाही झाला. पंधराव्या कलमात तर दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आणि रस्ते यांचा नावाने उल्लेख आहे.

“घटनेसारख्या मोठ्या ग्रंथात विहिरी आणि तलाव कशाला आले?” लक्ष्मणने विचारले.

“ते का आले, हे महाडला जाऊन विचारावे,” गुरुजी म्हणाले. “महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. परंतु ठराव कागदावर राहिला आणि अस्पृश्य मानलेल्या लोकांना तळ्याच्या काठी कोणी जाऊ देईना. तेव्हा २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले. त्यावर मारहाण झाली, पुढे कोर्टकचेरी झाली आणि १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्याच बाबासाहेबांनी पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले. आता सांगा, तलाव हा शब्द घटनेत उगाच आला असेल काय?”

मुलांना उत्तर द्यावे लागले नाही. यशवंतने आपल्या वहीत पहिल्या पत्रिकेखाली लिहिलेला नियम दुरुस्त केला : ‘मूलभूत हक्क मुख्यतः शासनाला बांधतात, काही मात्र सर्वांनाच बांधतात.’

तिसरी पत्रिका

तिसरी पत्रिका गुरुजींनी स्वतः वाचली :

‘एका शाळेत रोज सकाळी राष्ट्रगीत होई. तीन भावंडे त्या वेळी इतरांबरोबर सावधान उभी राहत. परंतु ती गात नसत. आपल्या धर्मश्रद्धेप्रमाणे आपण आपल्या देवाच्या प्रार्थनेखेरीज अन्य गीत-प्रार्थनेत भाग घेऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शाळेने त्यांना काढून टाकले.’

या पत्रिकेवर वर्गाचे दोन तट पडले. बहुतेक मुले शाळेच्या बाजूने बोलू लागली. यशवंत म्हणाला, “राष्ट्रगीताचा आदर करणे हे ५१ क कलमातील पहिलेच कर्तव्य आहे. ज्यांनी कर्तव्य पाळले नाही, त्यांनी हक्क मागू नये. शाळेने योग्य तेच केले.”

सुमनला ते पटले नाही. परंतु आपल्याला का पटत नाही, हे तिला सांगता येईना.

“फळ्यावरचे प्रश्न सोडून निकाल द्यायचा नाही, असे ठरले होते,” गुरुजींनी आठवण दिली. “नेमके काय घडले?”

मुलांनी पत्रिका पुन्हा वाचली. मुले गात नसत, हे खरे. पण ती उभी राहत. इतरांच्या गाण्यात त्यांनी व्यत्यय आणला, असे पत्रिकेत कोठेही नव्हते.

“ही पत्रिका कल्पित नाही,” गुरुजी म्हणाले. “जुलै १९८५ मध्ये केरळात हे घडले. भावंडांपैकी एक दहावीत, एक नववीत आणि एक पाचवीत होते. विधानसभेतील एका सदस्याच्या ध्यानात ती गोष्ट आली आणि तिचा बोभाटा झाला. चौकशी झाली, तेव्हा मुलांची वर्तणूक चांगली असल्याचे आणि त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केला नसल्याचे दिसून आले. तरीही शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून मुलांना शाळेतून काढले. उच्च न्यायालयाने त्यांची दाद फेटाळली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले.”

“तिथे काय झाले?” सगळा वर्ग पुढे सरसावला.

“ते तुम्हीच तिसऱ्या प्रश्नाने शोधा. मर्यादा कोणत्या कायद्याने घातली?”

मुलांना कायदा ठाऊक नव्हता, म्हणून गुरुजींनी सांगितले. राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानास प्रतिबंध करणारा कायदा १९७१ साली झालेला आहे. राष्ट्रगीत गाण्यास हेतुपुरस्सर अडथळा करणे किंवा ते गाणाऱ्या समुदायात गोंधळ माजविणे, हा त्या कायद्याने गुन्हा ठरतो. त्या वेळी प्रत्येकाने गायलेच पाहिजे, अशी सक्ती करणारा कायदा मात्र कोणताही नव्हता. शाळेपाशी होती ती खात्याची परिपत्रके.

सुमनचे डोळे चमकले. “परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे!”

“अगदी बरोबर. एकोणिसाव्या कलमातील भाषणस्वातंत्र्याला मर्यादा आहेत. परंतु ती मर्यादा कायद्यानेच घालावी लागते आणि घटनेने सांगितलेल्या कारणांसाठीच घालावी लागते. खात्याच्या नुसत्या सूचनेने ती घालता येत नाही. पंचविसाव्या कलमाने सदसद्विवेकाचे आणि धर्माचे स्वातंत्र्य दिले आहे. त्यालाही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादा आहेत. शांतपणे उभ्या राहिलेल्या तीन मुलांनी यांपैकी काय बिघडविले? न्यायालयाने असे मानले की, राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहणे हाच आदर आहे आणि तो त्या मुलांनी दाखविला होता. ११ ऑगस्ट १९८६ रोजी निकाल लागला. मुलांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश झाला.”

यशवंत मात्र अद्याप विचारात होता. “गुरुजी, मग ५१ क कलमातील कर्तव्यांना अर्थ काय राहिला?”

“अर्थ आहे, पण तो नीट समजून घ्यायला हवा,” गुरुजी म्हणाले. “हक्क मोडला, तर त्या कलमाच्या बळावर न्यायालयात जाता येते. कर्तव्याचे तसे नाही. केवळ ५१ क कलमावर बोट ठेवून कोणाला शिक्षा देता येत नाही. कर्तव्य न करणाऱ्यास शिक्षा व्हावी, असे वाटले, तर विधिमंडळाला किंवा संसदेला तसा कायदा करावा लागतो आणि त्या कायद्याने जेवढी शिक्षा सांगितली असेल, तेवढीच देता येते. मूलभूत हक्क काढून घेणे ही शिक्षा कोणा मुख्याध्यापकाने किंवा अधिकाऱ्याने आपल्या मनाने ठरवायची नसते.”

पत्रिकेची मागील बाजू शबानाने वाचली : ‘राष्ट्रगीत चालू असता एका मुलाने मोठमोठ्याने ओरडून इतरांचे गाणे बंद पाडले.’ आता तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत होते. येथे १९७१ चा कायदा होता. न गाणे आणि इतरांना गाऊ न देणे यांत केवढे अंतर आहे, ते पत्रिकेच्या दोन बाजूंनी मुलांना दाखविले.

चौथी पत्रिका

चौथी पत्रिका यशवंतच्या हाती आली. तो वाचू लागला आणि त्याचा आवाज हळूहळू उतरला :

‘एका वर्गाने ठराव केला : शनिवारच्या सफाईला जो दोनदा गैरहजर राहील, त्याने पुढील आठवडाभर तासाच्या वेळी व्हरांड्यात बसावे. एक मुलगा दोनदा गैरहजर राहिला.’

हा ठराव वर्गाने गेल्याच आठवड्यात केला होता आणि तो मांडणारा वर्गप्रमुख यशवंत हाच होता. सोमवारपासून त्याची अंमलबजावणी व्हायची होती. मुले एकमेकांकडे पाहू लागली. गुरुजी काही बोलले नाहीत.

सुमन म्हणाली, “तो मुलगा शनिवारी धाकट्या बहिणीला सांभाळत असेल, तर? त्याला कारण असेल.”

“आणि कारण नसेल, तर?” गुरुजींनी विचारले. “तो नुसताच नदीवर पोहायला गेला असेल, तर?”

सुमन थांबली. या प्रश्नाची तिला अपेक्षा नव्हती. वर्गात शांतता पसरली. अखेर यशवंतच बोलला. तो एकेक प्रश्न घेऊन सावकाश बोलत होता.

“काय घडले? मुलगा सफाईला आला नाही. ही त्याची चूक आहे. कोणी शिक्षा केली? वर्गाने, पण शाळा जिल्हा परिषदेची आहे आणि वर्ग शाळेच्या नावाने चालतो. शिक्षकांनी त्याला बाहेर बसू दिले, तर शाळेनेच बसविले, असे होईल. आणि तो व्हरांड्यात बसला, तर त्याचा अभ्यास बुडेल.”

“तिसरा प्रश्न?”

“कोणत्या कायद्याने? तो मला ठाऊक नाही, गुरुजी.”

गुरुजींनी माहिती दिली. २००२ सालच्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने ‘२१ क’ हे कलम घटनेत आले. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचे शिक्षण देणे हे त्या कलमाने शासनाचे काम ठरले. त्यासाठी २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवीपर्यंतचे शिक्षण, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकू नये, तसेच त्याला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ होऊ नये, असे तो कायदा सांगतो. मुलाला तासाच्या वेळी बाहेर बसवावे, असे मात्र कोणताही कायदा सांगत नाही.

“म्हणजे तो नुसता पोहायला गेला असला, तरी त्याला व्हरांड्यात बसवता येणार नाही,” सुमन म्हणाली. “शिकण्याचा हक्क त्याला सफाईच्या बदल्यात मिळालेला नाही.”

“तेच आजच्या तासाचे सार,” गुरुजी म्हणाले. “हक्क ही कर्तव्याची मजुरी नव्हे. चुकणाऱ्यालाही हक्क असतात. किंबहुना, ज्याच्यावर सगळे रागावलेले असतात, त्यालाच हक्काची खरी गरज पडते. ज्याचे सर्वांशी पटते, त्याच्यावर कोण अन्याय करणार?”

“मग त्याने सफाई करायचीच नाही काय?” लक्ष्मणने तक्रारीच्या सुरात विचारले. “आम्ही मात्र दर शनिवारी धूळ खायची!”

लक्ष्मणचा प्रश्न रास्त होता आणि गुरुजींनी तो हसण्यावारी नेला नाही. सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण करणे हे ५१ क कलमातील एक कर्तव्य आहे. वर्गाची झाडलोट हे शब्द त्या यादीत नाहीत. तो वर्गाने आपल्यापुरता केलेला नियम आहे. परंतु नियम आहे आणि तो सर्वांनी पाळला पाहिजे. प्रश्न एवढाच की, नियम मोडणाऱ्याकडून काम कसे करून घ्यावे.

मुलांनी चर्चा करून जुना ठराव रद्द केला आणि नवा लिहिला. गैरहजर राहणाऱ्यास प्रथम कारण विचारावे. शनिवारी येणे त्याला शक्य नसेल, तर दुसरा दिवस नेमून द्यावा. कारण नसेल, तर चुकलेले काम त्याने त्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर पूर्ण करावे. तासाला मात्र त्याला नेहमीच्याच जागी बसू द्यावे. नव्या ठरावाच्या बाजूने बहुतेक हात वर झाले. लक्ष्मणने बराच वेळ विचार केला आणि आपलाही हात वर केला.

पत्रिकेची मागील बाजू वाचायची राहिली होती. ती यशवंतने उलटून पाहिली. ती कोरी होती.

स्वाध्याय

१. पहिल्या पत्रिकेच्या दोन बाजूंमध्ये कोणता फरक आहे? त्यामुळे उत्तर का बदलले?

२. उपाहारगृहाचा मालक खाजगी माणूस असूनही सतरावे कलम त्याला का लागू होते?

३. केरळातील मुलांच्या बाबतीत परिपत्रक आणि कायदा यांतील फरक का महत्त्वाचा ठरला?

४. ‘हक्क ही कर्तव्याची मजुरी नव्हे’ या वाक्याचा अर्थ चौथ्या पत्रिकेच्या आधारे स्पष्ट करा.

५. फळ्यावरील तिन्ही प्रश्न विचारून पुढील पत्रिकेचा विचार करा : ‘एका मुलाने शाळेचा बाक मुद्दाम मोडला. मुख्याध्यापकांनी बाकाची दुरुस्ती होईपर्यंत त्याला वर्गात येण्यास मनाई केली.’

६. शाळेतील नित्याच्या व्यवहारातून एक प्रसंग निवडा. कोणाचेही नाव न घेता तो पाच ओळींत लिहा. पाठीमागे एकच गोष्ट बदलून तो पुन्हा लिहा आणि उत्तर बदलते काय, ते पाहा.